वगळलेल्या चाचणीचे पाच मार्क

आमच्या नागपूरच्या कॉलेजात रासायनिक विश्लेषणाची एक वर्षाची पदविका सुरू झाली, तेव्हा तिचे नियम करण्याचं काम डॉ. पिंपळापुरे यांच्याकडे आलं. ते विभागप्रमुख होते आणि नियम करायला त्यांना आवडत असे. त्यांनी केलेला परीक्षेचा नियम साधा होता. वर्षभरात पंचवीस-पंचवीस मार्कांच्या तीन चाचण्या. त्यांतल्या ज्या दोन चांगल्या, तेवढ्याच धरायच्या. सगळ्यांत कमी मार्कांची सोडून द्यायची. दोन चाचण्यांचे मिळून पन्नास, एप्रिलमधल्या शेवटच्या पेपराचे पन्नास, एकूण शंभर.

"माणूस वर्षातून एकदा आजारी पडतोच," सर म्हणाले होते. "त्याची शिक्षा त्याला कशाला?"

नियम दयाळू होता, आणि बरोबरही होता. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. चाचण्यांचे मार्क रजिस्टरमध्ये चढवणं माझ्याकडे होतं. त्यामुळे शेवटच्या पेपराआधी मुलं माझ्याच टेबलाभोवती जमत. "मॅडम, पास व्हायले किती लागन?" "मॅडम, साठ व्हायले किती?" मी दोन चांगले आकडे मिळवायची, हव्या असलेल्या बेरजेतून वजा करायची आणि उरलेलं सांगायची. कोणी खूश होऊन जाई, कोणी कँटीनमध्ये जाऊन बसे.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या तुकडीत खाप्याची वच्छला होती. तिचे वडील रुपराव कन्हान नदीच्या वाळूत डांगरवाडी करत. पाणी उतरलं की वाळूत खड्डे घेऊन वेल लावायचे आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत टरबूज-खरबूज काढायचे. वच्छलाचा हात प्रयोगशाळेत स्थिर होता. ब्युरेटमधून थेंब सोडताना ती श्वास रोखून धरत असे आणि रंग बदलला की मगच सोडत असे. त्या वर्षी पाणी तपासणीच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं आमच्याकडे सहायकाच्या जागेसाठी नावं मागितली होती. अट एकच: या विषयात शंभरपैकी साठ. त्याच्या खाली असलेल्याचं नाव पाठवूच नये, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

वच्छलाला चाचण्यांत मिळाले होते सतरा, चौदा आणि नऊ. तिसरी तिनं अंगात ताप असताना दिली होती. सतरा आणि चौदा एकतीस. साठाला एकोणतीस कमी. म्हणजे शेवटच्या पेपरात पन्नासपैकी एकोणतीस हवे. तिनं हे माझ्याकडे येऊन विचारलं नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर एकोणतीस हा आकडा चौकटीत लिहिलेला मी पाहिला होता. पेपर तपासायला अमरावतीचे परीक्षक होते आणि ते हात सैल सोडत नसत. एकोणतीस अवघड होते, पण अभ्यासाच्या सुट्टीत नीट बसली तर मिळण्यासारखे होते.

सुट्टी सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी रुपराव कॉलेजात आले. डोक्याला रुमाल, दोन्ही काखांत एकेक टरबूज. शिपाई शालिकराम त्यांना सरांच्या खोलीपर्यंत घेऊन आला. मी तेव्हा सरांसमोर रजिस्टर घेऊन उभी होते.

"साहेब, मी वच्छलाचा बाप," रुपराव म्हणाले. टरबुजं कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती खुर्चीवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले. "पोरीले तिसऱ्या परीक्षेत नऊच काहून देले जी?"

"दिले नाहीत, पडले," सर म्हणाले.

"तेच म्हणतो. दोन-चार वाढवा ना जी. नौकरीचं काम हाय. साठ पाहिजे म्हणते पोरगी. तिच्या मायचा पाय मुरगळला, ते बसून हाय. पोरगी घरी राह्यली तर डांगरवाडीवर हात लावते, मंग अभ्यास कवा करन?"

सरांनी मला तिसऱ्या चाचणीचा गठ्ठा आणायला सांगितलं. वच्छलाची उत्तरपत्रिका काढली. चष्मा पुसून अगदी शांतपणे वाचली. मग लाल पेन उघडलं.

"इथे पद्धत बरोबर आहे. उत्तर चुकलं आहे, पण पद्धत बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी नऊ खोडले, चौदा लिहिले आणि बाजूला सही केली. "पाच मार्क वाढवले. आता तिला म्हणावं, अभ्यास कर."

रुपरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाकून सरांच्या पायांना हात लावायला गेले, तर सर मागे सरकले आणि म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या." टरबुजं त्यांनी घेतली नाहीत. ती शालिकरामला द्यायला लावली.

मी मनात आकडे मांडले होते. सतरा, चौदा, चौदा. चांगल्या दोन कोणत्याही घ्या, एकतीसच. वाढवलेली चाचणी आधीही सुटणार होती, आताही सुटणार होती. पेपरात लागणारे मार्क होते तेवढेच, एकोणतीस.

रुपराव माझ्यामागून बाहेर आले. दाराशीच थांबले. "मॅडम, एकोणतीस पाहिजे होते ना? पाच गेले. आता चोवीसच राह्यले."

"रुपरावजी, हिशोब जरा वेगळा आहे..."

"हिशोब तर साहेबानंच केला ना माह्यासमोर. लाल शाईनं." ते हसले. "मी कौसल्येले, माह्या साळीले, बलावली होती आठ दिवस. पोरीले मोकळं बसू द्यावं म्हणून. आता तिले येऊ नको म्हणून सांगतो. चोवीस तर माही पोरगी झोपेतही घेईन."

सरांचं दार उघडं होतं. मी हळू बोलले असते तरी आत ऐकू गेलं असतं. बाहेरच्या माणसासमोर विभागप्रमुखांची चूक काढणं मला जमलं नाही. रुपराव रुमाल सारखा करत निघून गेले, आणि त्यांच्याबरोबर वच्छलाचे आठ दिवसही.

बुधवारपर्यंत मी स्वतःला समजावत होते की मुलगी हुशार आहे, घरी सांगेल. बुधवारी शेवटच्या यादीसाठी मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं काढली. तिथे लाल शाईच्या आणखी चार सह्या होत्या. आठाचे बारा. सहाचे अकरा. दहाचे तेरा. साताचे बारा. प्रत्येक वेळी पालक किंवा कोणी ओळखीचे येऊन गेले असणार. मी त्या प्रत्येक नावासमोरचे बाकीचे दोन आकडे पाहिले. ज्याचे आठाचे बारा झाले, त्याचे दुसरे दोन होते बारा आणि सोळा. ज्याचे सहाचे अकरा झाले, त्याचे अकरा आणि पंधरा. तेरावाल्याचे तेरा आणि अठरा. साताचे बारा झालेल्याचे बारा आणि तेरा.

पाचही वेळा सगळ्यांत खालची चाचणी बरोबर मधल्या चाचणीपर्यंत उचललेली होती. एक मार्कही वर नाही. एक मार्क वर गेला असता, तर खालची मधलीच्या वर जाऊन मोजली गेली असती आणि बेरीज बदलली असती. एकदा असं होणं योगायोग म्हणता येईल. पाच वेळा नाही.

मी रजिस्टर घेऊन सरांच्या खोलीत गेले.

"सर, वच्छलाच्या वाढीव मार्कांनी तिच्या बेरजेत फरक पडत नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले. "नियम मीच केला आहे ना."

सरांनी मला बसायला सांगितलं. ते रागावलेले नव्हते. उलट कोणीतरी शेवटी विचारलं याचा त्यांना थोडा आनंदच झालेला दिसला.

"हे बघा. माणूस खाप्याहून येतो. दोन टरबुजं घेऊन उभा राहतो. त्याला नाही म्हणून परत पाठवलं, तर तो म्हणेल सर निर्दय आहेत. खरे मार्क वाढवले, तर मी अप्रामाणिक. मी वीस वर्षांत एकही मार्क कोणाला फुकट दिलेला नाही. ज्या जागी मोजत नाहीत, त्या जागी देतो. तो समाधानानं जातो, मी समाधानानं झोपतो. निकाल जिथला तिथे. यात नुकसान कोणाचं?"

"वच्छलाचं, सर. तिच्या वडलांनी पाच वजा करून टाकले. तिच्या मावशीला येऊ नको म्हणून कळवलं. अभ्यासाचे तीन दिवस झाले, मुलगी नदीवर असेल."

"हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," सर म्हणाले. खरंच आलं नव्हतं. मार्कांचा हिशोब त्यांनी शेवटच्या अंकापर्यंत केला होता. मार्क घेऊन घरी गेलेला माणूस काय करील, ते त्यात नव्हतं.

"मग सर, एक चिठ्ठी लिहून द्या. एकोणतीसच लागतील, एवढंच."

"ते कसं लिहू? दिलेलं परत घेतल्यासारखं होईल. तुम्हीच सांगा ना. तुम्ही छान समजावता."

गुरुवारी सकाळी मी सावनेरवरून जाणाऱ्या एस.टी.नं खाप्याला गेले. नदीपर्यंत चालत गेले. पात्रात अर्ध्याहून जास्त वाळू उघडी पडलेली होती आणि तिच्यावर हिरवे वेल लांबच लांब पसरले होते. रुपरावांच्या झोपडीत वच्छला बसली होती. मांडीवर पुस्तक, हातात गोफण. माकडं आली की उठायचं, गेली की वाचायचं.

"मॅडम!" ती धावत आली. मग मागे वळून ओरडली, "बाबा, मॅडम आल्या वाडीवर!"

"तुला माहीत आहे ना, एकोणतीसच लागतील म्हणून?" मी तिला आधी विचारून घेतलं.

"पहिल्याच दिवशी समजलं होतं मॅडम. बाबानं चौदा म्हटलं तवाच. चौदा तर मले पहिलेच होते." तिनं पुस्तक मिटलं. "सांगितलं मी. तर बाबा म्हणते, सरापेक्षा तू शहाणी हायस का वं?"

रुपराव आले. त्यांनी मला बसायला पोतं अंथरलं आणि एक खरबूज कापलं. मी वाळूत तीन ढीग लावायला सांगितले. मोठ्या फळांचा, मधल्या फळांचा आणि बारक्या फळांचा.

"व्यापारी काय म्हणाला समजा? तीन ढिगांतले चांगले दोनच नेईन. तिसरा तुमच्याकडेच ठेवा."

"म्हणतेच जी ते. दरवर्षी म्हणते."

"आता या बारक्या ढिगात मी चांगली पाच फळं टाकली. तो मधल्या ढिगाएवढा झाला. व्यापारी किती ढीग नेईल?"

"दोनच."

"त्यानं नेलेला माल वाढला?"

"कसा वाढन? मधला नेला काय अन् हा नेला काय, सारखेच. एक ढीग माह्याच गळ्यात राह्यला." रुपराव हसले. त्यांना समजायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा लवकर.

"तेच या मार्कांचं आहे. चांगल्या दोन चाचण्याच धरतात. सरांनी वाढवले ते तिसऱ्या ढिगात."

रुपरावांचं हसू थांबलं. त्यांनी ढिगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, झालं.

"मॅडम, टरबुजाचं तुमी बराबर सांगता," ते जरा विचार करून म्हणाले. "पण साहेब का टरबुजाचा व्यापारी हाय? एवढा शिकलेला माणूस. त्यानं चष्मा पुसला, कागद वाचला, सही ठोकली. काही कामाचं नसतं, तर त्यानं सही काहून केली असती?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

"म्या तर ऐकलं," झोपडीच्या सावलीतून वच्छलाची आई इंदूबाई म्हणाली. तिचा पाय हळद लावून बांधलेला होता. "मॅडम एवढ्या उन्हात उगीच येऊन राहिल्या का गा?"

"तू थांब वं. मॅडमचं मन चांगलं हाय. पण हेड कोण हाय? साहेब की मॅडम?"

मी आयुष्यात प्रयोगाच्या वहीत एक आकडाही बदललेला नाही. विद्यार्थ्यांनी बदलला तर मी पूर्ण पान रद्द करते. त्या दिवशी मी खरबुजाची फोड खाली ठेवली आणि म्हणाले,

"हेड सरच. त्यांनीच मला पाठवलं आहे. वाढवलेले मार्क पक्के करायचे असतात."

"म्हंजे जी?"

"मार्क वाढवून मिळालेल्या विद्यार्थ्यानं शुक्रवारी आणि शनिवारी प्रयोगशाळेत येऊन, सकाळी दहा ते सहा बसून, रजिस्टरमध्ये सही करायची असते. दोन्ही दिवस. नाही केली तर मार्क परत जातात. नऊचे नऊ."

वच्छला माझ्याकडे पाहत होती. तिनं डोळे खाली घातले आणि गोफणीची दोरी बोटाला गुंडाळली.

रुपराव एकदम उभे राहिले. "हे पहिले काहून नाही सांगितलं मॅडम? एवढ्या वेळची टरबुजं मोजून राहिल्या!" ते वच्छलाकडे वळले. "ऊठ वं! कपडे भर. आजच्याच मोटारीनं जाय. अन् रविवारीही तिथंच राह्य, एखादी सही कमी पडली तर?"

"अन् माकडं?" वच्छला म्हणाली.

"माकडाले मी पाहतो. कौसल्येले बलावतो. माकडासाठी पाच मार्क घालवतं का?"

अशा रीतीनं ती माझ्याबरोबर नागपूरला आली. तिथल्या सदर भागात मी माझ्या बहिणीकडे, सिंधूताईकडे, राहत असे. ताईनं तिच्यासाठी समोरची खोली रिकामी केली आणि विचारलं, "हिची परीक्षा आहे की तुझी?" शुक्रवार आणि शनिवार वच्छला प्रयोगशाळेत बसली. मी खरोखरच एका वहीत तारीख, वेळ आणि तिची सही घेतली. खोटं बोललं तर निदान त्याची नोंद नीट असावी, असं मला वाटलं. पाण्याची कठीणता, क्लोराइड, आम्लांची गणितं. तिनं मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले. तिला येत नव्हतं असं फारसं काही नव्हतं. वेळ मिळाला नव्हता, एवढंच. रविवारी रात्री नऊला ताईनं दिवा घालवला.

पेपर सोमवारी झाला. उत्तरपत्रिका मोहोरबंद होऊन अमरावतीला गेल्या. तीन आठवड्यांनी मार्कांचा कागद आला. मी वच्छलाचं नाव शोधलं आणि बोट आडवं सरकवलं.

एकोणतीस.

मी दोनदा पाहिलं. मग एकतीस आणि एकोणतीस कागदावर लिहून मिळवले. ती बेरीज मला तोंडी येत होती, तरीही. साठ. ना एक कमी, ना एक जास्त. तिचं नाव सरकारी प्रयोगशाळेकडे गेलं, आणि मेच्या अखेरीस तिला तिथे रुजू व्हायचं पत्र आलं.

पत्र घेऊन रुपराव कॉलेजात आले. या वेळी टरबुजं चार होती आणि ती कोणाच्याही हाती देण्याआधी त्यांनी सरळ सरांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, साठ! बराबर साठ!" त्यांचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. "तुमचे पाच नसते तर पंचावन्न राह्यले असते माह्या पोरीचे. पंचावन्नात कोण पुसते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं.

"अहो, मेहनत तिची," सर म्हणाले. ते खरं होतं, आणि ते इतक्या नम्रपणे म्हणाले की रुपरावांना ते अजिबात पटलं नाही.

"मेहनत तर सगळेच करतात जी. अन् मॅडमचेही उपकार. त्या आल्या म्हणून समजलं, नाही तर सही राह्यली असती. दोन दिवस येऊन सही केली पोरीनं, तवा तुमचे मार्क पक्के झाले."

"सही?" सर म्हणाले.

"हव जी. तुमचाच नियम ना? दहा ते सहा."

मी राजीनाम्याचं पहिलं वाक्य मनात जुळवायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हो," ते म्हणाले. "माझाच नियम."

रुपराव गेल्यावर त्यांनी मला ती सह्यांची वही आणायला सांगितली. तारखा पाहिल्या, वेळा पाहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं ते एवढंच:

"दोन दिवस पुरतात का? की तीन ठेवावे?"

जुलैत नवी तुकडी आली, तेव्हा नियमांच्या टंकलिखित कागदावर सातवं कलम वाढलेलं होतं. ज्या विद्यार्थ्यास एखाद्या चाचणीत वाढीव गुण देण्यात येतील, त्यानं शेवटच्या परीक्षेपूर्वी तीन दिवस प्रयोगशाळेत उपस्थित राहून स्वाक्षरी करावी, अन्यथा वाढीव गुण रद्द समजावेत. त्या वर्षी अकरा जणांना वाढीव मार्क मिळाले. सगळे, अर्थातच, मधल्या आकड्यापर्यंत. अकराही जण तीन दिवस येऊन बसले. नुसतं बसून कंटाळा येतो, म्हणून त्यांनी अभ्यास केला. नऊ जणांनी साठ ओलांडले. वार्षिक अहवालात सरांनी सातव्या कलमाबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि विद्यार्थ्यांना प्रोत्साहन दिल्यास काय साधतं, याचं ते उदाहरण म्हणून दिलं. सह्यांची वही ठेवणं माझ्याकडेच आलं.

त्या अकरा जणांपैकी गोविंदा नावाचा एक मुलगा गणितात चांगला होता. शेवटच्या दिवशी सही करताना तो पेन हातात धरून थांबला. शेजारी उघड्या पडलेल्या मार्कांच्या रजिस्टरमधल्या आपल्या तीन आकड्यांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मी पाहून राहिलो. या मार्कानं माही बेरीज तर वाढतच नाही."

"आजचं काय शिकायचं राहिलं आहे तुझं?" मी विचारलं.

"क्लोराइडचं."

"मग सही कर आणि ते काढ. सहा वाजायला अजून चार तास आहेत."

त्यानं सही केली.